इंदूरहून गावच्या शाळेला पुस्तकं द्यायची आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथली आम्ही पाच-सहा मंडळी महू तहसिलीतल्या आणि घाट उतरून निमाडातल्या काही सरकारी प्राथमिक शाळांना पुस्तकं पोचवतो. दर उन्हाळ्यात, घरं आवरायला काढली की, तेच प्रश्न फोनवर येतात. ते इथे एकत्र उतरवले आहेत.

आमच्याकडे पुस्तकांनी भरलेलं कपाट आहे. तुम्ही सगळं घेऊन जाल का?

नाही. पहिल्या वर्षी आम्ही "असेल ते द्या" असा निरोप फिरवला होता. चार रविवारांत ४१२ पुस्तकं जमली. एका काकांच्या ओसरीवर ती वेगळी करायला बसलो, तर १६८ मराठी निघाली, १२१ जुनी पाठ्यपुस्तकं आणि गाइड, ७४ इंग्रजी आणि ४९ हिंदी. त्या ४९ हिंदीतही कादंबऱ्या, पोथ्या आणि स्पर्धा परीक्षांची शिळी पुस्तकं होती. मुलांनी हातात घ्यावीत अशी उरली फक्त २२. शाळेत मुलं होती ६१.

बाकीच्यांचं काय करायचं यावरच आमचा महिना गेला. म्हणून आता आम्ही आधी शाळेची यादी करतो आणि मग तुमच्या कपाटाकडे येतो. यादीत न बसणारं पुस्तक चांगलं असलं तरी घेत नाही. कोणी रागावतं, पण गावातल्या शाळेची खोली म्हणजे आपला अटाला टाकायची जागा नव्हे.

मुलांची मराठी पुस्तकं तरी घ्या ना. लिपी तर एकच आहे, वाचतील की!

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं मन चांगलं असतं म्हणून उत्तर देताना जड जातं. मुलं वाचतील, पण त्यांना कळणार नाही.

चौथीतल्या एका मुलीला मी मुद्दाम एक मराठी चित्रपुस्तक वाचायला दिलं होतं. तिने अडखळत "त्याचे नाव" एवढं वाचलं आणि बोट चित्रावर फिरवायला लागली. पान उलटलं, पुन्हा मागे आली. मग मला विचारलं, "नाव कहाँ है?" ती होडी शोधत होती. हिंदीत नाव म्हणजे होडी, आणि चित्रात होता नुसता मुलगा आणि एक कुत्रा. पुढे "झाडाखाली" आलं, तेव्हा तिला वाटलं, झाड रिकामं आहे. आपल्या 'शिक्षा' आणि 'चेष्टा' या शब्दांचंही तसंच. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न. ळ तर तिच्या पुस्तकात कधी आलेलाच नव्हता, त्यावर ती दर वेळी थांबत होती.

ज्या मुलाचं हिंदी वाचनच अजून बसायचं आहे, त्याच्यासमोर अशी अर्धवट ओळखीची भाषा ठेवली की त्याला वाटतं आपल्यालाच वाचता येत नाही. मराठी पुस्तकं कुठे द्यावीत ते अगदी शेवटच्या प्रश्नात सांगितलं आहे.

म्हणजे हिंदी पुस्तकं दिली की झालं?

अर्धं काम झालं. इंदूरच्या आसपास घरात माळवी बोलतात, घाट उतरलात की निमाडी. मानपूरच्या आजूबाजूचे पाडे, तसेच धार, बडवानी, झाबुआ आणि अलीराजपूर इकडे भिली, भिलाली, बारेली. पहिलीतल्या मुलाला हिंदी ही शाळेत भेटलेली भाषा असते. आपल्या घरातली मुलं कॉलनीत हिंदी, घरात मराठी असं जन्मापासून करतात, म्हणून हे आपल्या लक्षात येत नाही.

याचा निवडीवर परिणाम असा होतो की पहिली-दुसरीसाठी हिंदी सोपी आहे की नाही हे पाहण्याआधी चित्र पाहायचं. मजकूर पूर्ण झाकून नुसत्या चित्रांवरून गोष्ट सांगता येते का? येत असेल तर शिक्षक ती मुलांच्या बोलीत सांगू शकतात आणि मग खालची एक हिंदी ओळ वाचून दाखवू शकतात. चित्रात एक राजवाडा आणि मजकुरात दहा ओळींचा संवाद असेल, तर ते पुस्तक या मुलांसाठी नाही. शब्द नसलेली, फक्त चित्रांची पुस्तकं मिळतात, ती आम्ही हमखास घेतो. देणारे मात्र म्हणतात, "यात लिहिलेलं तर काहीच नाही!"

शाळेत मुलांची बोली बोलणारे शिक्षक आहेत का, हे आधी विचारा. असतील तर बोलून दाखवायची मोठ्या चित्रांची पुस्तकं वाढवा. नसतील तर एका पानावर एक ओळ, आणि तीच ओळ थोडी बदलून पुन्हा पुन्हा येणारी पुस्तकं जास्त घ्या. ती मुलं एकमेकांना ऐकवत पाठ करतात, आणि पाठ झालेल्या ओळीतूनच अक्षरं ओळखू लागतात.

कोणत्या इयत्तेला कोणतं पुस्तक, असा तक्ता द्याल का?

इयत्तेचा तक्ता फसवतो. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं ते वाचू शकत नव्हती. "पाचवी, वय दहा" असं बघून जाडजूड कथासंग्रह दिला, तर वर्गातली दोन-तीन मुलं तो वाचतील आणि बाकीची पंखा म्हणून वापरतील.

आम्ही इयत्ता सोडून वाचनावरून गट करतो. शिक्षकांच्या मदतीने प्रत्येक मुलाला चार चिठ्ठ्या दाखवायच्या. एकीवर सुटी अक्षरं, दुसरीवर साधे शब्द, तिसरीवर चार ओळी, चौथीवर अर्ध्या पानाची गोष्ट. मूल जिथे आरामात पोचतं, तो त्याचा गट. एका मुलाला दोन-तीन मिनिटं लागतात. त्या ६१ मुलांच्या शाळेत २३ मुलं अक्षरांपाशी होती, १७ शब्दांपाशी, १४ चार ओळींपाशी, आणि पूर्ण गोष्ट वाचणारी होती फक्त ७.

त्यावरून १२० पुस्तकांची यादी अशी ठरली: ५० शब्दविरहित किंवा पानाला एक ओळ असलेली, ३५ पानाला दोन-तीन ओळींची, २५ छोट्या परिच्छेदांची आणि १० लांब गोष्टींची. लांब गोष्टींची दहाच का, असं हेडमास्तरांनी विचारलं होतं. सात मुलांना दहा पुस्तकं सहा महिने पुरतात, आणि तोवर तिसऱ्या गटातली मुलं वर आली की तेव्हाचं तेव्हा पाहू, असं सांगितलं.

दुकानात उभ्या उभ्या अंदाज घ्यायचा तर प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर छापलेली पातळी बघा. पहिली पातळी साधारण २५० शब्दांपर्यंत, दुसरी ६०० पर्यंत, तिसरी १५०० पर्यंत आणि चौथी त्यापुढे. इतर प्रकाशनांच्या पुस्तकांवर पातळी नसेल तर एक पान मुलाकडून वाचून घ्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटवा. पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक आज त्याचं नाही.

मग पाचवीतल्या मुलाला बालवाडीचं पुस्तक द्यायचं? त्याला लाज नाही वाटणार?

वाटते. अकरा वर्षांचा मुलगा, घरी शेळ्या सांभाळणारा, शेतावर पाण्याची पाळी करणारा. त्याच्या हातात 'गोल गोल फुगा' दिला तर तो पुस्तक मित्राच्या डोक्यात मारतो, आणि त्याचं चुकतं असं मला वाटत नाही.

अशा मुलांसाठी शब्द कमी पण विषय मोठा असलेली पुस्तकं शोधावी लागतात: साप, मगर, ट्रॅक्टरचं इंजिन, विहीर कशी खणतात, चंद्र. खरे फोटो किंवा बारकाईने काढलेली चित्रं, आणि खाली दोन ओळी. कोडी आणि चित्रकथाही चालतात, कारण त्या सगळ्या वयांच्या असतात. एकलव्य ही भोपाळची संस्था १९८५ पासून 'चकमक' हे हिंदी मासिक काढते. त्याचे जुने अंक या मुलांसाठी फार कामाचे आहेत: चार पानांत एक विषय, 'माथापच्ची'ची कोडी, मुलांनी स्वतः लिहिलेलं-काढलेलं. अंक जुना झाला म्हणून शिळा होत नाही.

शेवटी एक युक्ती. पहिल्या गटाची पुस्तकं वर्गात वाटताना मोठ्या मुलांना सांगायचं, "पहिलीच्या पोरांना वाचून दाखवायची आहेत, आधी तयारी करा." मग तेच पुस्तक तो दहा वेळा वाचतो, लाज न वाटता.

शाळेला विचारलं, तर ते म्हणतात "जो भी दे दो". खरी मागणी कळणार कशी?

"जो भी दे दो" हे नम्र उत्तर आहे, मागणी नव्हे. फुकट येणाऱ्या वस्तूला कोणी नावं ठेवत नाही, आणि दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळत असतील तर त्यांना यादी करायला वेळही नसतो.

आम्ही पंधरा दिवसांची पेटी ठेवतो. वेगवेगळ्या प्रकारची तीस पुस्तकं, आणि एक वही. वहीत पुस्तकाचं नाव आणि पुढे रेघा. पुस्तक घरी नेलं की मुलाने एक रेघ मारायची. नावं लिहायला लावू नका, ते काम शिक्षकांवर पडतं आणि तिसऱ्या दिवशी बंद होतं.

त्या शाळेची वही माझ्यासमोर आहे. मगरीवरच्या फोटोंच्या पुस्तकापुढे १९ रेघा. कोंबडी आणि तिच्या पिल्लांच्या, पानाला एक ओळ असलेल्या पुस्तकापुढे १७. कोड्यांच्या पुस्तकापुढे १४, पण त्याची मधली चार पानं गायब, म्हणजे खरी मागणी त्याहून जास्त असावी. बोधकथांच्या दोनशे पानी संग्रहापुढे शून्य. थोर पुरुषांच्या चरित्रमालेतल्या तीन पुस्तकांपुढे मिळून दोन. हे शेवटचे दोन्ही प्रकार म्हणजे आमच्या दात्यांचे सगळ्यांत आवडते.

रेघांशिवाय पुस्तकंही बघा. कोपरे मळलेले, पाठ सैल झालेली, पानावर तेलकट बोटं, म्हणजे ते वाचलं गेलं. पेटीतून परत येताना जे नव्यासारखं करकरीत आलं, ते पुढच्या यादीतून काढायचं. एक सावधगिरी: रेघा खूप आणि पुस्तक करकरीत, असं दिसलं तर कोणीतरी आपल्याला खूश करायला रेघा मारल्या आहेत.

पाठ्यपुस्तकं आणि गाइड का नको?

सरकारी शाळेत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मुलांना फुकट मिळतात. शिवाय अभ्यासक्रम बदलत राहतो. अपवाद दोन: चांगल्या स्थितीतला हिंदी शब्दकोश आणि भारताचा किंवा मध्य प्रदेशाचा भिंतीवरचा नकाशा. नकाशा बघताना छत्तीसगड वेगळं दाखवलं आहे ना, तेवढं तपासा. १ नोव्हेंबर २००० च्या आधीचा असेल तर नको.

इंग्रजी पुस्तकं?

पालक मागतात, मुलं उघडत नाहीत. शिक्षकांपैकी कोणी रोज दहा मिनिटं वाचून दाखवणार असेल, तर हिंदी आणि इंग्रजी एकाच पानावर असलेली पाच-सात पुस्तकं पुरेत. जाड इंग्रजी एनसायक्लोपीडिया देऊ नका. तो कपाटात वरच्या फळीवर जातो आणि तपासणीला कोणी आलं की खाली येतो.

एकेक पुस्तक द्यायचं की एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती?

दोन्ही मिसळून. पहिल्या दोन गटांसाठी काही आवडत्या पुस्तकांच्या पाच-पाच प्रती असाव्यात, म्हणजे शिक्षक वाचत असताना चार-चार मुलं एका प्रतीभोवती बसू शकतात. कोणत्या पुस्तकांच्या, ते रेघांच्या वहीवरून ठरवा. वरच्या गटांसाठी एकेकच, कारण तिथे मुलं आपसात अदलाबदल करतात. वरच्या १२० च्या यादीत खरी वेगळी पुस्तकं ८८ होती. आठ पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घेतल्या, बाकी ८० एकेक.

जुनं पुस्तक कोणत्या स्थितीत चालेल?

नाकाने सुरुवात करा. कुबट वास आला तर बुरशी आहे, आणि ती पेटीतल्या बाकीच्या पुस्तकांना लागते. मग पुस्तक उलटं धरून हलवा. कसर असेल तर बारीक भुसा पडतो. मुखपृष्ठ फाटलेलं चालतं, आम्ही जाड कागद लावतो. आतलं एकही पान नसेल तर चालत नाही, कारण शेवट नसलेली गोष्ट मुलांच्या मनाला फार लागते. उत्तरं आधीच भरलेली चित्रकोडी नको. कोणाच्या मुलाचं नाव पहिल्या पानावर असेल तर राहू द्या, उलट मुलांना त्याची गंमत वाटते.

गोंदाने चिकटवलेल्या जाड पुस्तकापेक्षा मधोमध पिना मारलेलं पातळ पुस्तक बरं. ते पूर्ण उघडतं, दोरीवर टांगता येतं, आणि पीन निघाली तर शाळेतच परत मारता येते.

पुस्तकांऐवजी पैसे दिले तर?

आम्हाला तेच आवडतं. सोळा-वीस पानांचं हिंदी चित्रपुस्तक साधारण पन्नास ते शंभर रुपयांत येतं. आम्ही एकलव्य, प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय माला यांतून घेतो. अगदी सुरुवातीच्या वाचनासाठी एनसीईआरटीची 'बरखा' माला आहे: पहिली-दुसरीसाठी चार पातळ्यांत ४० छोट्या पुस्तिका. ती काही शाळांत आधीच असते, म्हणून घेण्याआधी कपाट उघडून बघा. एकदा आम्ही घेऊन गेलो आणि तोच संच तिथे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला सापडला.

खजुरी बाजारात जुनी हिंदी पुस्तकं स्वस्तात मिळतात, पण तिथे अभ्यासाची पुस्तकंच जास्त. मुलांची हवी असतील तर फुरसतीने जा. पैसे अगदीच कमी असतील तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या हिंदी गोष्टी छापून घ्या. त्यांचा परवाना छापायला परवानगी देतो, फक्त लेखक, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव काढू नका. रंगीत छपाई महाग पडते, त्यामुळे कृष्णधवल चित्रांच्या गोष्टी निवडा. रंगीत चित्र काळं-पांढरं छापलं की मांजर आणि सावली एकच दिसतात.

धार्मिक पुस्तकं, संतचरित्रं?

आम्ही घेत नाही. सरकारी शाळेत काय ठेवायचं हे शाळा ठरवते, आणि आम्हाला त्या वादात शिक्षकांना ओढायचं नाही. तसंच, पाड्यावरच्या माणसांना रानटी किंवा विनोदी दाखवणारी जुनी पुस्तकं बारीक नजरेने वेगळी काढा. ज्यांच्या घरच्या माणसांचं ते चित्र आहे, तेच ते पुस्तक उघडणार आहेत.

आम्ही दिलेली पुस्तकं कुलपात पडून आहेत असं कळलं. शिक्षक असे का वागतात?

कारण पुस्तक स्टॉक रजिस्टरवर चढलं की ते हरवल्याचा जाब शिक्षकाला विचारला जाईल अशी भीती असते. शंभर पुस्तकांमागे वर्षात दहा-पंधरा फाटणार किंवा हरवणार, हे आपण गृहीत धरतो. त्यांना तसं धरता येत नाही.

म्हणून पेटीबरोबर हेडमास्तरांच्या नावे एक चिठ्ठी देतो: ही पुस्तकं मुलांनी वापरण्यासाठी आहेत, फाटली वा हरवली तर आमची हरकत नाही. आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या जनशिक्षकांनाही तिची प्रत देतो. आणि निवडतानाच महागडी, कडक पुठ्ठ्याची पुस्तकं टाळतो, कारण पुस्तक जितकं भारी, तितकं कुलूप लवकर लागतं. चारशे रुपयांच्या एका पुस्तकाऐवजी पातळ पाच घ्या. वर्गात खिडकीपासून खिडकीपर्यंत सुतळी बांधून ती टांगली की कपाटाची गरजच राहत नाही. सुतळी पहिलीच्या मुलाच्या छातीएवढ्या उंचीवर बांधा. मोठी माणसं ती नेहमी आपल्या उंचीवर बांधतात.

मग आमच्या मराठी पुस्तकांचं काय?

मोठ्यांची पुस्तकं शहरातल्या मराठी ग्रंथालयांना आधी विचारा. मुलांची असतील तर बुऱ्हाणपूर भागात मराठी बोलणारी गावं आहेत, आणि सेंधव्याच्या पुढे हद्द ओलांडली की धुळे जिल्ह्यातलं शिरपूर. तिकडे कोणी नातलग असेल तर त्यांच्यामार्फत एखाद्या शाळेशी बोला, थेट गठ्ठे पाठवू नका. मात्र शिरपूर तालुक्याच्या सातपुड्याकडच्या पाड्यांत किंवा नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे शाळा मराठी असली तरी घरची भाषा पावरी किंवा भिली असते. म्हणजे तिथे मराठीची तीच गत, जी इथे हिंदीची. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात सांगितलेलं सगळं तिथेही करावं लागेल.

त्या १६८ मराठी पुस्तकांपैकी मुलांची ४१ होती. ती एक आत्या शिरपूरच्या बसमधून दोन पिशव्यांत नेणार होत्या. जाण्याआधी त्यांनी तिथल्या बाईंना फोन करून विचारलं, तेव्हा त्यातली अठराच चालणार होती, तेवढीच त्यांनी नेली. बाकीची तेवीस अजून माझ्या माळ्यावर आहेत.